एका टिंबामुळे दुसरे खाते

समजा, सीमा मोरे यांनी जीमेल काढताना `s.more@gmail.com` असा पत्ता घेतला. पुढे एका खरेदीच्या साइटवर नाव नोंदवताना त्यांनी घाईत टिंब न देता `smore@gmail.com` असे टाइप केले. साइटचे मेल नीट येत राहिले. वर्षभराने त्यांनी त्याच साइटवर ‘गूगलने साइन इन करा’ हे बटण दाबले, तर खाते उघडले ते कोरे. जुन्या ऑर्डरी आणि साठलेले पैसे दोन्ही गायब!

प्रत्यक्षात काहीच हरवलेले नव्हते. `@gmail.com` च्या पत्त्यांत जीमेल टिंबे मोजत नाही, त्यामुळे दोन्ही पत्त्यांची पत्रे एकाच पेटीत पडतात. पण साइट पत्ता अक्षरागणिक ताडून पाहते. गूगलने तिला मूळ टिंबासह पत्ता कळवला, तो तिच्या यादीत नव्हता, म्हणून तिने नवे खाते उघडले. बटणाऐवजी टिंबासह पत्ता टाइप करून लॉगिन केले असते, तर ‘असे खाते नाही’ हे उत्तर मिळाले असते.

अधिक चिन्हाचेही तसेच. `s.more+bill@gmail.com` वर पाठवलेले पत्र सीमाताईंनाच मिळते, पण त्या पत्त्याने नोंदणी केली असेल तर लॉगिनला `+bill` लिहावेच लागते. शिवाय काही साइटींचे फॉर्म हे चिन्ह स्वीकारत नाहीत. वेबच्या लिंकमध्ये अधिक चिन्हाचा अर्थ बहुधा ‘मोकळी जागा’ असा घेतला जातो, त्यामुळे पडताळणीची लिंक नीट बनवलेली नसेल तर पत्ताच बिघडतो.

मग साइटींनी सरसकट टिंबे गाळून का टाकू नयेत? कारण @ च्या आधीच्या भागाचा अर्थ ठरवण्याचा अधिकार ईमेलच्या नियमांनी फक्त पत्र घेणाऱ्या सर्व्हरला दिला आहे. टिंबाकडे दुर्लक्ष करणे ही जीमेलची स्वतःची पद्धत आहे. एखाद्या कार्यालयाच्या किंवा कॉलेजच्या पत्त्यात टिंब असलेला एक माणूस आणि नसलेला दुसरा असू शकतो. तिथे टिंब गाळले, तर एकाचे खाते दुसऱ्याच्या हाती जाईल. साइटला फार तर फक्त `@gmail.com` साठी वेगळा नियम करता येतो.

असे कोरे खाते समोर आले, तर तिथे नव्याने काही भरू नका. त्या साइटचे जुने पत्र जीमेलमध्ये उघडा आणि पाठवणाऱ्याच्या नावाखालचा छोटा बाण दाबा. ‘to’ समोर दिसणारा पत्ता टिंब आणि अधिक चिन्हासह जसाच्या तसा लॉगिनमध्ये भरा. पासवर्ड आठवत नसेल, तर नवा पासवर्डही त्याच पत्त्यावर मागवा. खाते उघडले की सेटिंगमध्ये जाऊन तिथला ईमेल बदलून मूळ पत्ता द्या. तो आधीच कोऱ्या खात्यात अडकलेला असेल, तर ते कोरे खाते आधी बंद करा. यापुढे प्रत्येक ठिकाणी पत्त्याचे एकच रूप वापरा.