केस नारिंगी झाल्याची तक्रार आणि सलूनचे उत्तर

केसांना रंग लावण्याच्या कामात बिघडण्याचे प्रकार मोजकेच असतात आणि त्यांतला सर्वांत जास्त ऐकू येणारा म्हणजे नारिंगीपणा. समजा, एका ग्राहक महिलेने थंड छटेचा, राखाडी झाक असलेला तपकिरी रंग मागितला. चार तास बसून, पाच हजार रुपये मोजून ती घरी गेली, तेव्हा मुळांशी केस तांबडे-नारिंगी, मधे गडद आणि टोकांना कोरडे. रात्री तिने ऑनलाइन लिहिले : “पैसे पाण्यात. केसांची वाट लावली. इथे पाऊलही टाकू नका.” सोबत फोटो आणि एक तारा.

उत्तर लिहिण्याआधी सलूनला हे घडले कसे ते कळायला हवे. काळ्या केसांतला नैसर्गिक रंग उतरवताना आधी लाल, मग नारिंगी आणि शेवटी पिवळी छटा उघडी पडते. मधेच थांबले आणि वरून टोनर नीट बसला नाही, की नारिंगी तशीच राहते. टाळूच्या उष्णतेमुळे मुळांजवळचे साधारण एक सेंटीमीटर केस बाकीच्यांपेक्षा लवकर उजळतात, म्हणून अनुभवी कारागीर मुळांना शेवटी हात लावतो. आधीच रंगवलेल्या भागावर नुसता नवा रंग लावून तो भाग उजळत नाही, त्यामुळे मधला पट्टा गडद राहतो. केसांवर जुनी मेंदी असेल तर निकाल आणखी बेभरवशाचा होतो. म्हणूनच नोंदवहीत पाहायचे ते हे : डेव्हलपर २० व्हॉल्यूमचा, म्हणजे ६ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडचा होता की ३० चा, म्हणजे ९ टक्क्यांचा, किती वेळ ठेवला, आधी एका बटेवर चाचणी घेतली होती का. कारागिराशी बोलणेही त्याच दिवशी व्हावे. आठवडाभराने कोणालाच नेमके आठवत नाही.

आपल्या उदाहरणात नोंद सांगते की बटेची चाचणी झालीच नव्हती आणि जुन्या रंगाबद्दल कोणी विचारले नव्हते. इथे सलूनमालकाच्या बोटांवर एक वाक्य हमखास येते : “मॅडम, तुम्ही घरी मेंदी लावली होती, ते सांगितलेच नाही.” हे खरे असले तरी लिहू नये. विचारणे हे सलूनचे काम होते आणि ग्राहकाच्या केसांचा इतिहास चारचौघांत मांडणे हा तिच्या खासगीपणाचा भंग ठरतो. “तुम्हाला तसे वाटले असेल तर क्षमस्व” हेही टाळावे, कारण त्यात चूक काम करणाऱ्याकडून वाटणारीकडे सरकते. अशा उत्तराने तक्रारदार तर चिडतेच. पण बुकिंग करण्यापूर्वी वाचणारे शेकडो अनोळखी लोकही त्यावरून सलूनची पारख करतात.

लिहिता येईल ते असे :

“नमस्कार. तुम्ही मागितलेली छटा आली नाही आणि मुळे नारिंगी दिसत आहेत, हे फोटोत स्पष्ट दिसते. याबद्दल आम्ही मनापासून दिलगीर आहोत. आमची नोंद तपासली. रंग लावण्यापूर्वी बटेची चाचणी व्हायला हवी होती, ती झाली नाही. तुमची इच्छा असेल तर आमच्या वरिष्ठ कलरिस्ट विनाशुल्क केस तपासतील आणि काय सुधारता येईल ते सांगतील. दुरुस्ती नको असेल तर पैसे परत करण्याबद्दल बोलू. कृपया सलूनच्या क्रमांकावर व्यवस्थापकांना फोन करा.”

या उत्तरात “लगेच या, ठीक करून देतो” असे वचन नाही, हे महत्त्वाचे. केस शाबूत असतील तर निळसर टोनरने नारिंगी झाक बरीच दबते. पण ओले केस ताणल्यावर रबरासारखे लांबत असतील किंवा तुटत असतील, तर पुन्हा ब्लीच करणे म्हणजे नुकसान वाढवणे. तक्रारीत टाळूची जळजळ, फोड किंवा चेहऱ्यावर सूज असे काही असेल, तर रंगाची चर्चा बाजूला ठेवून आधी त्वचारोगतज्ज्ञांकडे जाण्यास सांगावे आणि वापरलेल्या उत्पादनाचे नाव त्यांच्यासाठी कळवावे. केसांच्या बऱ्याच कायमस्वरूपी रंगांत पीपीडी नावाचे रसायन असते आणि काहींना त्याची तीव्र अ‍ॅलर्जी होते.

परताव्याच्या बदल्यात तक्रार काढून टाकायला सांगणे मात्र महागात पडते. गूगलच्या नियमांत असे आमिष दाखवायला मनाई आहे आणि त्या संभाषणाचा स्क्रीनशॉट ही पुढची तक्रार असते. मित्रमंडळींकडून पाच तारे लिहवून घेणे त्याच जातीचे. ग्राहकाने उत्तरावर आणखी कडवट लिहिले, तर जाहीर वाद वाढवू नये. फोनची वाट पाहावी. ती येऊन गेली आणि केस सुधारले, तर तिच्या परवानगीने मूळ उत्तरात एक ओळ वाढवता येते. गूगलवर मालकाला आपले उत्तर नंतर दुरुस्त करता येते.