स्वतःच्या नावाची कॉफी

आमच्या वरच्या मजल्यावर राहणारी मुलगी मूळची चिकमगळूरकडची. तिच्या घरी आजोबांच्या आधीपासून कॉफीचा मळा आहे. नोकरीसाठी ती इंदूरला आली, तोवर स्वतःच्या मळ्याची चांगली कॉफी तिनं कधी चाखलीच नव्हती. ऐकणाऱ्याला नवल वाटतं, पण कॉफी पिकवणाऱ्या अनेक घरांची हीच रीत आहे. धुताना पाण्यावर तरंगलेलं, फुटकं, निवडून बाजूला काढलेलं बी घरी राहतं. त्यात चिकोरी आणि भरपूर दूध घालून सकाळची कॉफी होते. उत्तम माल पोत्यांत भरून जातो, तो पुन्हा दिसत नाही.

तिच्या आजोबांच्या काळात तर तो वेगळा ओळखताही येत नसे. 1942च्या कायद्यानं कॉफी बोर्ड उभं राहिलं, आणि पिकवलेली कॉफी बोर्डाच्या एकत्रित साठ्यात देणं शेतकऱ्याला भाग झालं. प्रतवारी होई, पैसे हप्त्याहप्त्यानं मिळत आणि हजारो मळ्यांचं बी एकमेकांत मिसळून जाई. लढाईमुळे परदेशी बाजार बंद पडले होते, तेव्हा या व्यवस्थेनं लहान शेतकऱ्याला तगवलं, हे मान्यच केलं पाहिजे. पण मळ्याचं नाव मात्र पुसलं गेलं. नव्वदच्या दशकात हे बंधन टप्प्याटप्प्यानं सैल होत गेलं आणि 1996मध्ये शेतकऱ्याला आपला सगळा माल हवा त्याला विकण्याची मोकळीक मिळाली. आज पाकिटावर एका मळ्याचं नाव छापता येतं, ते त्यामुळेच.

असंच एक पाकीट तिला इथल्या एका कॅफेत फळीवर दिसलं. मळ्याचं नाव, हंगामाचं वर्ष, ‘धुतलेली अरेबिका’ असं त्यावर होतं. तिनं दोनदा वाचलं आणि मला हाक मारली, ‘‘काकू, हे आमचंच!’’

काउंटरवरच्या मुलानं पंधरा ग्रॅम पूड मोजली आणि कागदी गाळणीत थोडं गरम पाणी ओतून अर्धं मिनिट थांबला. मग उरलेलं पाणी बारीक धारेनं सोडलं. तो थांबला तेवढ्यात तिनं मला हिशेब सांगितला. साधारण सहा किलो ताज्या फळांतून एक किलो कच्चं बी निघतं. भाजताना त्याचं वजन आणखी पंधरा-सोळा टक्क्यांनी घटतं. म्हणजे या एका कपामागे शंभरेक ग्रॅम लाल फळं, आणि तीही एकेक करून हातानं तोडलेली, कारण एकाच फांदीवरची सगळी फळं एकदम पिकत नाहीत.

दूध-साखर न घालता तिनं पहिला घोट घेतला. ‘‘गोड आहे,’’ ती म्हणाली, मग म्हणाली, ‘‘संत्र्याच्या सालीसारखं काहीतरी आहे.’’ मुलगा खूश झाला, पाकिटावरही तसंच लिहिलं होतं. ती मात्र कप खाली ठेवून गप्प बसली. कॉफी निवल्यावर पुन्हा प्यायली. खरी चव तेव्हाच कळते. गरम असताना वाफेत आणि सुगंधात बरंच काही लपतं. आता तिला तळाशी ओल्या गोणपाटाचा अगदी हलका वास लागला. मला तो लागलाच नाही.

तिला लागला, कारण त्या हंगामातलं वाळवण तिनं पाहिलं होतं. फळांची साल काढून बी दीड दिवस टाकीत आंबवतात, धुतात आणि टरफलासकट खळ्यावर पसरतात. उन्हात वाळायला आठ-दहा दिवस लागतात. या दिवसांत ते सतत परतावं लागतं आणि संध्याकाळी गोळा करून झाकावं लागतं. ठरलेल्या मापाचा डबा भरून रोज तोलायचा आणि वजन घटायचं थांबलं की वाळवण थांबवायचं, असा तिच्या वडिलांचा शिरस्ता. ओलावा दहा-अकरा टक्क्यांवर आला पाहिजे. जास्त राहिला तर बुरशी धरते, फार कडक ऊन लागलं तर टरफल तडकतं. त्या वर्षी जानेवारीत अवेळी पाऊस आला आणि अर्धवट वाळलेलं बी दोन दिवस ताडपत्रीखाली ढिगात राहिलं.

फार काळपट भाजलं असतं तर हा वास कडवटपणाखाली दडला असता. माल चार मळ्यांच्या मिश्रणात गेला असता तर कुणाचा ते कळलंही नसतं. वेगळं नाव मिळालं की चूकही आपल्याच नावावर येते, आणि मला तरी यात शेतकऱ्याचा फायदाच दिसतो. पूर्वी वाळवण बिघडलं तर प्रत उतरायची, पैसे कमी यायचे, पण ते बी कपात नेमकं कसं लागतं हे शेतकऱ्याच्या तोंडापर्यंत पोचतच नसे.

तिथूनच तिनं वडिलांना फोन लावला आणि कानडीत बराच वेळ बोलली. नंतर मला सांगितलं, ‘‘अप्पा म्हणाले, ते बी वेगळं ठेवायला हवं होतं, पण पोती कमी पडली म्हणून बाकीच्या मालातच मिसळलं.’’ पुढच्या तोडणीआधी खळ्याच्या एका बाजूला छप्पर घालून त्याखाली जाळीच्या उंच मांडण्या बसवायच्या, म्हणजे पावसातही बियांना खालून वारा लागत राहील, असं दोघांचं ठरलं. खर्च किती येईल, ते तिनं कॅफेच्या बिलामागेच मांडायला घेतलं.