तिसऱ्या स्लाइडवर कोणाचं नाव?

माझी भाची गुजरातमधल्या आणंदला आठवीत शिकते. शाळेत तिला ‘आमच्या गावातला उद्योग’ या विषयावर सादरीकरण करायचं होतं. तिने अर्थातच अमूल निवडलं. स्थापना, उत्पादनं आणि मालकी अशा तीन स्लाइड तिने केल्या आणि मला दाखवल्या. तिसऱ्या स्लाइडवर वर्गीस कुरियन यांचा मोठा फोटो होता, खाली ‘मालक’. ही चूक मोठी माणसंही करतात, म्हणून आम्ही दोघं पुन्हा पहिल्या स्लाइडपासून बसलो.

१९४५ मध्ये मुंबई सरकारने आणंदहून मुंबईला दूध नेण्याची योजना आखली आणि दूध गोळा करायचा मक्ता पोल्सन या खासगी डेअरीला दिला. मुंबईत दूध चांगल्या भावाने विकलं जाई, पण खेडा जिल्ह्यातल्या शेतकऱ्याच्या हाती फारसं काही येत नसे. शेतकरी सरदार पटेलांकडे गेले. सरदारांनी मोरारजी देसाईंना पाठवलं आणि जानेवारी १९४६ मध्ये समरखा गावातल्या सभेत ठरलं, की गावोगावी आपल्या दूधमंडळ्या काढायच्या आणि सरकारने त्यांचंच दूध घ्यावं. सरकार मानेना, तेव्हा शेतकऱ्यांनी पंधरा दिवस दूध घातलंच नाही. शेवटी सरकार नमलं. १४ डिसेंबर १९४६ रोजी खेडा जिल्हा दूध उत्पादक संघाची नोंदणी झाली आणि त्रिभुवनदास पटेल अध्यक्ष झाले.

कुरियन आले १९४९ मध्ये, तेही सरकारी क्रीमरीत नोकरीला. म्हणजे संघ स्थापन झाला तेव्हा ते तिथे नव्हतेच. पुढे त्रिभुवनदासांनी त्यांना संघाच्या कामाला घेतलं. ते शेतकऱ्यांचे नोकर होते, आणि तसं ते स्वतः अभिमानाने सांगत.

दुसऱ्या स्लाइडवर लोणी, चीज, आइस्क्रीम अशी लांब यादी होती. मी तिला म्हटलं, एवढ्यातलं दूध पावडर तेवढं नीट समजावून सांग. हिवाळ्यात म्हशी उन्हाळ्याच्या दुप्पटीहून जास्त दूध देतात, पण मुंबईची गरज तेवढीच राहते. उरलेलं दूध टिकवायचं तर त्याची पावडर करायला हवी. मात्र म्हशीच्या दुधात स्निग्धांश जास्त असल्याने त्याची पावडर होणारच नाही, असं परदेशी तज्ज्ञ म्हणत. एच. एम. दलाया यांनी ती करून दाखवली. १९५५ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते कारखाना सुरू झाला, आणि हिवाळ्यातलं दूध परत न्यायची वेळ शेतकऱ्यावर येईनाशी झाली.

मालकी समजावी म्हणून संध्याकाळी आम्ही जवळच्या एका गावातल्या मंडळीत गेलो. बायका-पुरुष किटल्या घेऊन रांगेत होते. प्रत्येकाचं दूध मोजून त्यातलं फॅट तपासलं जात होतं. समजा, एकीने पाच लिटर दूध आणलं. त्याचं वजन साधारण ५.१५ किलो. फॅट ६.५ टक्के असेल तर त्यात सुमारे ३३५ ग्रॅम स्निग्धांश. भाव जर या स्निग्धांशावर असेल, तर घरून एक लिटर पाणी मिसळून आणलं तरी स्निग्धांश तेवढाच राहतो. यंत्रावर फॅट ५.४ टक्क्यांवर उतरतं आणि पैसे एका रुपयानेही वाढत नाहीत. प्रत्यक्षात फॅटशिवायचे घनपदार्थही मोजतात, पण पाण्याने तेही वाढत नाहीत.

ही दूध घालणारी माणसंच सभासद. म्हैस एक असो की दहा, प्रत्येकाला एकच मत. गावच्या मंडळीची समिती ते निवडतात, मंडळ्यांचे प्रतिनिधी जिल्हा संघाचं संचालक मंडळ निवडतात, आणि जिल्हा संघांनी मिळून १९७३ मध्ये विक्रीसाठी राज्याचा महासंघ काढला. म्हणूनच मेहसाणा किंवा बनासकांठ्याचं दूधही अमूल नावाने विकलं जातं. इथला शेअर बाजारात विकत मिळत नाही, आणि वर्षअखेरीचा वाढीव पैसा घातलेल्या दुधाच्या हिशेबाने मिळतो. श्याम बेनेगल यांच्या ‘मंथन’ला गुजरातच्या पाच लाख शेतकऱ्यांनी दोन-दोन रुपये दिले होते, तेही अशाच मंडळ्यांतून. त्याची पटकथा आपल्या विजय तेंडुलकरांची.

घरी येऊन भाचीने कुरियन यांचा फोटो दुसऱ्या स्लाइडवर दलायांशेजारी नेला. तिसरीवर मंडळीतल्या रांगेचा फोटो लावून ‘मालक’ हा शब्द तसाच ठेवला. मग तिला आठवलं, की रांगेतल्या एका मावशींनी दाखवलेल्या पासबुकावर नाव त्यांच्या नवऱ्याचं होतं. वैरण, शेण, धार सगळं मावशीच करतात, पण सभासद ते, म्हणून मतही त्यांचंच.

“मग मामा, हिच्या फोटोखाली काय लिहू?”

मी म्हटलं, हाच प्रश्न लिही. तिने तो मोठ्या अक्षरांत लिहिला.