वहीत नसलेली मुलं

माझा भाचा तालुक्याच्या गावी कोचिंग क्लास चालवतो. दोन खोल्या, भाड्याच्या. कर्जाला जामीन मी. त्यामुळे मार्च महिन्यात तो घरी येऊन म्हणाला, "मामू, नीटची दुसरी बॅच काढतो, अजून थोडं कर्ज लागेल", तेव्हा माझी झोप उडाली. कवी माणूस हिशेबात कच्चा असतो असं लोक धरून चालतात. मीही बी. ए.च. पण मी त्याला सगळ्या वह्या घेऊन बसवलं.

आपली मुलं किती, असं विचारलं तर तो अभिमानानं 140 म्हणायचा. हा आकडा फसवा. 140 मुलं म्हणजे तीन वेगळी गिऱ्हाइकं होती. दहावीची 80, फी 6 हजार. अकरावी-बारावीची, बोर्ड आणि सीईटी करणारी 45, फी 12 हजार. आणि नीटची 15, फी 30 हजार. फी पाहिली तर कुणीही नीटकडेच धावेल.

पण क्लासवाल्याकडे खरी तुटवड्याची गोष्ट असते ती शिक्षकाचा तास. म्हणून प्रत्येक गटाच्या फीतून शिक्षकांचा पगार वजा केला आणि उरलेल्याला वर्षाच्या तासांनी भागलं. भाडं मुद्दाम धरलं नाही, कारण कुठलाही गट ठेवला तरी ते द्यायचंच आहे.

दहावीचे वर्षाला 960 तास, तासाला 200 रुपये. 4 लाख 80 हजारांतून 2 लाख 88 हजार उरतात, म्हणजे तासाला 300. अकरावी-बारावीचे 720 तास, विषयाचे शिक्षक तासाला 400 घेतात. तरी तासाला 350 उरले. नीटचेही 960 तास, दर तोच 400. कागदावर 66 हजार उरायला हवे होते. प्रत्यक्षात दिवाळीपर्यंत सहा मुलं गेली आणि त्यांच्या फीचे 90 हजार आलेच नाहीत. म्हणजे 24 हजारांची खोट. भाचा बराच वेळ गप्प बसला. दारावरच्या पाटीवर सगळ्यात मोठी अक्षरं नीटचीच होती.

ती सहा का गेली? लातूर आमच्यापासून दीड तासावर. ज्याच्या बापाकडे पैसा आहे आणि ज्याला डॉक्टरच व्हायचंय, तो आज ना उद्या तिकडे जाणार. हा गट मोठ्या फीचा खरा, पण आपला नव्हे.

मग दहावीच वाढवावी का? तिथेही एक अडचण. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी 2024 मध्ये कोचिंगसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत सोळा वर्षांखालच्या मुलांना प्रवेश देऊ नये असं म्हटलंय. अंमल राज्यांकडे असला तरी सगळा डोलारा त्या 80 मुलांवर उभा करणं शहाणपणाचं नव्हतं.

राहिली अकरावी-बारावी. इथे मी त्याला चौकशीची वही मागितली. हजेरीच्या वहीत फक्त आलेली मुलं दिसतात. विचारून परत गेलेली दिसत नाहीत. अकरावीच्या सुरुवातीला आणि बारावीसाठी मिळून 83 जणांनी चौकशी केली होती, आली 45. उरलेल्या 38 जणांच्या घरी त्यानं एकेक करून फोन लावले. नऊ जण लातूरला गेलेले. सहा जणांना फी झेपत नव्हती. चौघांचे फोन लागले नाहीत. आणि 19 जणांनी एकच कारण सांगितलं: क्लास संध्याकाळी सहाला, गावाकडची शेवटची एसटी पाचला. त्या 19 मध्ये 16 मुली.

भाच्यानं आजवर मुलं मार्कांवरून विभागली होती, हुशार आणि बेताची. इथे विभागणी बसच्या वेळेनं होत होती! कॉलेज सकाळचं, साडेबाराला सुटतं. दहावीची पोरं पाचपर्यंत शाळेत, म्हणजे दुपारी दोन्ही खोल्या रिकाम्याच. बॅच दुपारी एकवर आणली तर तास एकही वाढत नव्हता.

तरी फोनवरचा होकार म्हणजे प्रवेश नव्हे. "येऊ की" म्हणायला कुणाचं काय जातं? मी त्याला पाचशे रुपये आगाऊ घ्यायला सांगितलं. बारावीच्या वर्षासाठी अकरा जणांनी ते भरले, त्यांत दहा मुली. उलट गावातल्या चार मुलांना दुपारची वेळ पटली नाही, ती सोडून गेली. म्हणजे निव्वळ सात वाढले, 84 हजार रुपये, जादा खर्चाशिवाय. आकडा लहान आहे आणि एका वर्षाचा आहे. पुढच्या वर्षी तो असाच येईल अशी हमी मी देणार नाही.

नीटच्या उरलेल्या नऊ मुलांना त्यानं शेवटपर्यंत शिकवलं, नवी बॅच मात्र काढली नाही. कर्जही वाढलं नाही. आता तो दर जूनमध्ये सर्वांत आधी बसस्थानकावर जातो आणि पाचची गाडी तीच आहे ना, हे बघून मगच बॅचची वेळ छापायला देतो.