मधूनच उचललेला पाय

तीन वर्षांची पॉमेरेनियन दिवाणखान्यातून धावत येते, मध्येच मागचा डावा पाय पोटाशी घेते, तीन-चार पावलं लंगडी घालते, मग पाय मागे झटकते आणि पुन्हा चारही पायांवर सुसाट. रडणं नाही, कण्हणं नाही. घरच्यांना वाटतं, लाडात आलीय. खरं तर त्या क्षणी तिच्या गुडघ्याची वाटी जागेवरून निसटलेली असते.

वाटी मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकावरल्या खाचेतून वर-खाली सरकते. छोट्या जातींत ती बहुधा आतल्या बाजूला घसरते. मग गुडघा सरळ करणारा स्नायू नीट ओढू शकत नाही आणि पाय दुमडलेलाच राहतो. पाय मागे ताणला की वाटी पुन्हा खाचेत. मार लागल्यानं हे क्वचितच होतं. बहुतेकदा मूळ हाडांच्या ठेवणीत असतं: मांडीचा स्नायू, वाटी आणि नडगी एका रेषेत नसतात, आणि वाढत्या वयात वाटीचा दाब न मिळाल्यानं खाचही उथळ राहते. म्हणूनच दुसरा पायही तपासावाच लागतो.

निदान हातानं होतं. डॉक्टर पाय सरळ करून अंगठ्यानं वाटी ढकलून पाहतात. फोटो काढताना वाटी जागेवर असेल, तर एक्स-रे निर्दोष दिसू शकतो. त्यापेक्षा मोबाइलवरचा चालण्याचा व्हिडिओ कामाचा. ढकलल्यावर निसटून लगेच परतणारी वाटी पहिल्या श्रेणीतली, अधूनमधून आपोआप निसटणारी दुसऱ्या. तिसरीत ती बहुतेक वेळ बाहेरच असते, चौथीत हातानंही जागेवर बसत नाही.

आपली पॉमेरेनियन दुसऱ्या श्रेणीतली. वजन पाच किलो, हवं होतं चार. पाय उचलणं आठवड्यातून एखाद्या वेळी. अशा वेळी शस्त्रक्रियेची घाई मला पटत नाही. आधी खाऊ कमी, पट्ट्यावर रोजचं चालणं, गुळगुळीत फरशीवर सतरंजी, सोफ्यावरून उड्या बंद. पाय उचलल्याची कॅलेंडरवर खूण. खुणा रोजच्या झाल्या किंवा फिरून आल्यावर ती दुखऱ्या पायानं बसू लागली, की मात्र शस्त्रक्रियेचा विचार करायचा. तिसऱ्या-चौथ्या श्रेणीत सहसा तीच लागते.

शस्त्रक्रियेत खाच खोल करतात आणि वाटीखालचा पट्टा नडगीला जिथे चिकटतो, तो हाडाचा उंचवटा कापून बाहेरच्या बाजूला सरकवून पिनांनी बसवतात. रेष चुकलेली असताना नुसती खाच खोदली, तर वाटी पुन्हा निसटते. नंतर सहा ते आठ आठवडे धावणं-उड्या बंद. इथेच घरची मंडळी ढिली पडतात: कुत्री तिसऱ्या आठवड्यात बरी दिसते, मोकळी सोडली जाते आणि पिन सैल होते.

मधूनमधून पाय उचलणारी कुत्री अचानक पाय टेकवेनाशीच झाली, तर गुडघ्यातला लिगामेंट फाटल्याची शंका घ्यावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. तोवर घरातली माणसांची वेदनाशामक गोळी देऊ नये. आयबुप्रोफेनसारखं औषध कुत्र्याच्या पोटाला आणि मूत्रपिंडांना घातक ठरतं.