मॉड एक्सचं शून्यापाशी काय अडतं?

टीआय-84 हा ग्राफ काढणारा कॅल्क्युलेटर. त्याला `nDeriv(abs(X),X,0)` असं विचारलं, म्हणजे |x| या फंक्शनचा शून्यापाशी डेरिव्हेटिव्ह किती असं विचारलं, की तो बिनदिक्कत 0 हे उत्तर देतो. बारावीचं पुस्तक मात्र म्हणतं की तिथे डेरिव्हेटिव्ह अस्तित्वातच नाही. दोघांत पुस्तकाचं बरोबर आहे. पण ते का बरोबर, याची जी कारणं वर्गात ऐकू येतात, त्यांतली बरीचशी लंगडी असतात. उत्तर बरोबर आणि कारण चुकीचं, असा हा मामला आहे.

आधी व्याख्या. ज्या बिंदूपाशी डेरिव्हेटिव्ह हवा, तिथून h इतकं सरकायचं, फंक्शनची किंमत किती बदलली ते पाहायचं आणि त्या बदलाला h ने भागायचं. h शून्याच्या जवळ नेत गेलं की हा भागाकार एका ठरावीक संख्येकडे जात असेल, तर ती संख्या म्हणजे डेरिव्हेटिव्ह. अट एकच, पण कडक: h धन असो वा ऋण, भागाकार त्याच एका संख्येकडे गेला पाहिजे.

|x| साठी शून्यापाशी हा भागाकार फारच सुटसुटीत होतो:

(|0 + h| − |0|) / h = |h| / h

उजवीकडे सरकून पाहू. h = 0.1 घेतलं तर 0.1 भागिले 0.1, म्हणजे 1. h = 0.001 घेतलं तरी 1. आता डावीकडे. h = −0.1 घेतलं तर वर 0.1 आणि खाली −0.1, म्हणजे −1. h = −0.001 घेतलं तरी −1. दोन्ही बाजूंना कसलाही गोंधळ नाही. उजवा भागाकार कायम 1, डावा कायम −1. उजवीकडची लिमिट आहे, डावीकडचीही आहे. दोघींचं एकमेकींशी पटत नाही, एवढंच. आणि h कितीही लहान केलं तरी त्यांच्यातलं 2 चं अंतर तसूभरही कमी होत नाही.

खरं तर सिद्धता इथेच संपली. तरीही लोक दुसरीकडे कारणं शोधतात. सगळ्यात लोकप्रिय कारण म्हणजे टोक: ‘आलेखाला टोक दिसतंय, म्हणून डेरिव्हेटिव्ह नाही.’ |x| च्या बाबतीत हे खरं ठरतं, पण ‘दिसतंय’ या शब्दावर फार विसंबू नये. √(x² + 0.0001) हे फंक्शन घ्या. आलेखाच्या कागदावर 1 सेंमी म्हणजे 1 एकक असं प्रमाण घेतलं, तर त्याचा सर्वांत खालचा बिंदू आरंभबिंदूच्या 0.01 सेंमी वर येतो, म्हणजे मिलिमीटरचा दहावा भाग. पेन्सिलीची रेघ त्याहून जाड असते. कागदावर हा आलेख आणि |x| चा आलेख यांत फरक ओळखता येणार नाही. तेच इंग्रजी V, तेच टोक.

भागाकार मात्र फसत नाही. h = 0.1 ला तो सुमारे 0.905 येतो, त्यामुळे वाटतं की हाही 1 च्याच आसपास राहणार. h = 0.01 ला तो 0.414 वर उतरतो, h = 0.001 ला साधारण 0.05 आणि h = 0.0001 ला 0.005. डावीकडे हेच आकडे ऋण चिन्हासह मिळतात. दोन्ही बाजू शून्याकडे येतात, म्हणजे इथे डेरिव्हेटिव्ह आहे आणि तो 0 आहे. वरवर टोक वाटणारी जागा जवळून पाहिल्यावर गोलाकार निघाली. |x| चं टोक कितीही मोठं करून पाहिलं तरी जसंच्या तसं राहतं, आणि |h|/h च्या न हलणाऱ्या किमती नेमकं हेच सांगतात.

दुसरं कारण हुशार विद्यार्थ्यांकडून येतं, म्हणून ते जास्त घातक. |x| म्हणजे √(x²); साखळी नियम लावला की डेरिव्हेटिव्ह x/√(x²) येतो; त्यात x = 0 घातलं की 0/0 मिळतं; ‘म्हणून तिथे डेरिव्हेटिव्ह नाही.’ उत्तर जुळल्यामुळे परीक्षेत हे कदाचित खपूनही जाईल. पण हीच रीत √(x⁴) ला लावून पाहा. साखळी नियमाने 4x³/(2√(x⁴)) येतं आणि शून्यापाशी पुन्हा 0/0. आता √(x⁴) म्हणजे दुसरंतिसरं काही नसून x² आहे, आणि x² चा शून्यापाशी डेरिव्हेटिव्ह 0 आहे हे शेंबडं पोरही सांगेल. सूत्र दोन्हीकडे सारखंच बंद पडलं, निकाल मात्र उलटे लागले. कारण शून्यापाशी वर्गमुळाचाच डेरिव्हेटिव्ह नसतो, त्यामुळे साखळी नियमाची अट तिथे पुरी होत नाही. सूत्र बंद पडलं याचा अर्थ सूत्र बंद पडलं, इतकाच. मग व्याख्येकडे जावं लागतं: एकीकडे |h|/h, दुसरीकडे h²/h, म्हणजे h.

तिसरा गैरसमज स्पर्शिकेचा. वर्तुळाच्या धड्यामुळे डोक्यात बसलेलं असतं की एकाच बिंदूत टेकते ती स्पर्शिका. X-अक्ष या V ला फक्त टोकाशी टेकतो; मग तोच स्पर्शिका आणि चढ 0, असं का नको? अडचण अशी, की y = 0.3x ही रेषाही V ला फक्त टोकाशीच टेकते, आणि y = −0.8x सुद्धा. −1 आणि 1 यांच्या मधला कुठलाही चढ घ्या, रेषा टेकतेच. स्पर्शिकेसाठी इतके उमेदवार असतील तर टेकणं ही कसोटी कामाची नाही.

खरी कसोटी म्हणजे चूक किती होते हे पाहणं: फंक्शनऐवजी रेषेची किंमत वापरली तर किती चूक होते आणि ती h च्या मानाने किती मोठी. x² साठी शून्यापाशी X-अक्ष वापरला तर h = 0.01 ला चूक 0.0001 होते, म्हणजे h चा शंभरावा भाग. h = 0.001 ला ती h चा हजारावा भाग होते. h घटतं, आणि चूक त्याहून कितीतरी झपाट्याने घटते. |x| साठी तोच X-अक्ष वापरला तर h = 0.01 ला चूक 0.01 आणि h = 0.001 ला चूक 0.001: जेवढं पाऊल तेवढी चूक, दरवेळी. बरं, दुसरा चढ m घेऊन पाहावा, तर उजवीकडे चूक h च्या |1 − m| पट आणि डावीकडे |1 + m| पट होते. या दोहोंतली एक तरी नेहमी 1 किंवा त्याहून मोठी असते. m = 1 घेतला तर उजवी बाजू अगदी तंतोतंत जमते आणि डावीकडे दुप्पट फटका बसतो.

यालाच जोडून एक वाक्य ऐकू येतं: शून्यापाशी |x| ची किंमत सर्वांत कमी आहे, आणि किमान किंमत जिथे, तिथे डेरिव्हेटिव्ह 0. मूळ प्रमेयातलं ‘डेरिव्हेटिव्ह अस्तित्वात असेल तर’ हे शेपूट इथे गळून पडलेलं असतं.

आता कॅल्क्युलेटरच्या त्या 0 बद्दल. तो बिघडलेला नाही. nDeriv व्याख्येतला भागाकार काढतच नाही. बिंदूच्या दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावरच्या किमती घेऊन तो असा हिशेब करतो:

(f(a + h) − f(a − h)) / (2h)

सांगितलं नाही तर h तो 0.001 धरतो. या रीतीला चांगलं कारण आहे. x³ चा 1 पाशी डेरिव्हेटिव्ह 3 आहे. त्याच h ने एका बाजूचा भागाकार 3.003001 येतो, तर हा मधला 3.000001. डेरिव्हेटिव्ह असेल तर ही रीत तो उत्तम काढून देते. पण तो आहे की नाही हे ती तपासत नाही. |x| साठी |0.001| मधून |−0.001| वजा केलं की 0, आणि 0 ला कशानेही भागलं तरी 0. f(0) ची किंमत तर या सूत्रात कुठे येतच नाही. म्हणून 1/x² या फंक्शनसाठी, जे शून्यापाशी मुळात ठरलेलंच नाही, हे सूत्र तिथेही 0 च देतं.

‘डावा −1, उजवा 1, सरासरी 0’ म्हणणारे नकळत हेच करत असतात. तासाला 60 किमी वेगाने एक गाडी स्टेशनात न थांबता निघून जाते असं समजा. तिचं स्टेशनापासूनचं अंतर, किलोमीटर आणि मिनिटांत मोजलं, तर |t|. आधी ते मिनिटाला 1 किमीने घटतं, नंतर तेवढ्याच दराने वाढतं. स्टेशनाच्या क्षणी अंतर बदलण्याचा दर 0 होता असं म्हणणं म्हणजे गाडी क्षणभर थबकली असं म्हणणं. फलाटावर उभ्या माणसाला विचारून पाहा. गाडीच्या चालीत कुठेही खोट नाही. दिशेचं चिन्ह पुसून नुसतं अंतर मोजल्यामुळे हा खटका तयार झाला.

राहता राहिला सातत्याचा मुद्दा. |x| चा आलेख कुठेही तुटत नाही, म्हणून डेरिव्हेटिव्ह असायला हवा, ही समजूत आज नवख्यांची मानली जाते. पण एके काळी संतत फंक्शनला मोजके बिंदू सोडले तर सगळीकडे डेरिव्हेटिव्ह असतोच, असं मोठमोठे गणिती धरून चालत. विजेच्या एककाला ज्याचं नाव आहे त्या आंपेअरने 1806 मध्ये त्या धर्तीची सिद्धता द्यायचाही प्रयत्न केला होता. |x| सारखं एखादं टोक त्या समजुतीला चालत होतं. 1872 मध्ये कार्ल वायरस्ट्रासने बर्लिनच्या अकादमीपुढे असं संतत फंक्शन मांडलं, ज्याला कुठल्याच बिंदूपाशी डेरिव्हेटिव्ह नाही. केवल मूल्यासाठी दोन उभ्या रेघांची खूणही त्याचीच. पुढे जपानच्या तेइजी ताकागी यांनी तसंच एक फंक्शन V च्या आकाराच्या, दरवेळी निम्म्या होत जाणाऱ्या लाटा एकावर एक रचून बनवलं.

मात्र मॉडची खूण दिसली की डेरिव्हेटिव्ह गेलाच, हेही खरं नाही. x|x| घ्या. शून्यापाशी भागाकार h|h|/h, म्हणजे |h|, आणि तो दोन्ही बाजूंनी शून्याकडे जातो, डेरिव्हेटिव्ह 0. सगळीकडचा डेरिव्हेटिव्ह काढला तर 2|x| येतो. म्हणजे x|x| चा डेरिव्हेटिव्ह एकदा निर्धास्त काढता येतो. दुसऱ्यांदा काढायला गेलं की शून्यापाशी भागाकार 2|h|/h होतो: उजवीकडे 2, डावीकडे −2.