थांबल्यासारखी वाटणारी बेरीज

संगणकाला एक अगदी साधे काम सांगावे. १ मध्ये १/२ मिळव, मग १/३, मग १/४, आणि असेच पुढे चालत राहा. बेरीज ठेवायला नेहमीची ३२ बिटांची जागा द्यावी. दहा पदे झाली की उत्तर २.९३ च्या आसपास येते, शंभर पदांनंतर ५.१९, हजारांनंतर ७.४९. दहा लाखांच्या पुढे ते १४ ओलांडून गेलेले असते. मग २० लाख ९७ हजार १५२व्या पदापाशी बेरीज १५.४०३७ वर येऊन थबकते. त्यानंतर यंत्र रात्रभर चालू ठेवले तरी शेवटचा दशांशसुद्धा बदलत नाही.

पाहणाऱ्याला वाटेल, झाले! पदे लहान लहान होत गेली, बेरीज एका मर्यादेला टेकली, उत्तर मिळाले. हे उत्तर साफ चुकीचे आहे. या बेरजेला मर्यादाच नाही. १०० म्हणा, १० लाख म्हणा, पुरेशी पदे घेतली की ती कोणताही आकडा ओलांडते. गणिताच्या पुस्तकांत हिला हरात्मक श्रेढी म्हणतात आणि मर्यादा नसलेल्या अशा श्रेढीला अपसारी.

हे सिद्ध करायला संगणक लागला नाही. निकोल ओरेम या फ्रेंच विद्वानाने १३५० च्या सुमारास ते करून दाखवले होते. पुढे बिशप झालेल्या या माणसाची युक्ती नववीतल्या मुलालाही कळेल अशी आहे. पदे एकेक करून मिळवू नयेत, त्यांचे गट करावेत. पहिले १ आणि १/२ बाजूला ठेवू. पुढच्या गटात १/३ आणि १/४ ही दोन पदे. यातले लहान पद १/४, म्हणजे दोघांची बेरीज निदान २/४, अर्थात अर्धा. त्यापुढच्या गटात १/५ पासून १/८ पर्यंतची चार पदे. प्रत्येक पद निदान १/८ आहे, म्हणून बेरीज निदान ४/८. पुन्हा अर्धा. १/९ ते १/१६ ही आठ पदे, प्रत्येक निदान १/१६. पुन्हा अर्धा. १/१७ ते १/३२ ही सोळा पदे घेतली तरी तेच.

पदे निम्म्याने घटतात, पण गटातली त्यांची संख्या तेवढ्यात दुपटीने वाढलेली असते. घट आणि वाढ एकमेकींना बरोबर फेडतात, आणि प्रत्येक गट अर्ध्याहून अधिक भर घालूनच जातो. असे गट कधी संपत नाहीत. अर्ध्यात अर्धा मिळवत गेले तर बेरीज कुठेच अडत नाही, आणि आपली बेरीज तर त्याहूनही मोठी आहे. सिद्धता इथेच संपते. ओरेमची ही युक्ती पुढे विस्मरणात गेली आणि सतराव्या शतकात इटलीत पिएत्रो मेंगोली व स्वित्झर्लंडमध्ये बर्नुली बंधूंना हाच निष्कर्ष आपापल्या वाटेने नव्याने काढावा लागला.

‘पदे शून्याकडे जातात, म्हणजे बेरीज थांबणारच’ हा समज कुठून येतो तेही पाहायला हवे, कारण तो अगदीच निराधार नाही. १ + १/२ + १/४ + १/८ अशी बेरीज घेतली तर ती २ च्या पुढे कधीच जात नाही. तिथे प्रत्येक नवे पद २ पर्यंत उरलेल्या अंतराचा निम्माच भाग खाते. पदांनी शून्याकडे जाणे ही बेरीज थांबण्यासाठी आवश्यक गोष्ट आहे, पण पुरेशी नाही. किती वेगाने जातात यावर सगळे ठरते. १/न हा वेग कमी पडतो. छेदांचे वर्ग घेतले, म्हणजे १ + १/४ + १/९ + १/१६ असे चालत राहिले, तर मात्र बेरीज १.६४५ च्या जवळ थांबते.

मग संगणकाचे काय चुकले? ३२ बिटांच्या त्या जागेत संख्येचे २४ द्विमान अंक मावतात. बेरीज ८ आणि १६ च्या मध्ये असते तेव्हा त्यातले चार अंक पूर्णांकात जातात आणि अपूर्णांकासाठी वीस उरतात. म्हणून तिथे बेरीज १/१०,४८,५७६ एवढ्या पायरीनेच वर सरकू शकते. अर्ध्या पायरीहून लहान काही मिळवले तर यंत्र ते गिळून टाकते आणि जुनाच आकडा परत लिहिते. अर्धी पायरी म्हणजे १/२०,९७,१५२. बेरीज नेमकी याच पदापाशी का अडली, ते इथे उघड होते.

खरी मौज तिच्या आधीच्या टप्प्यात आहे. सुमारे साडेदहा लाखाव्या पदापासून एकवीस लाखाव्या पदापर्यंतचा शेवटचा पट्टा हा ओरेमच्याच गटांपैकी एक. त्याची खरी बेरीज ०.६९ च्या आसपास येते. पण या पट्ट्यातले प्रत्येक पद अर्ध्या पायरीहून मोठे आणि एका पायरीहून लहान, म्हणून यंत्र दर वेळी वर ढकलून पूर्ण पायरी मोजते आणि ०.६९ ऐवजी जवळजवळ १ मिळवून बसते. त्यामुळे थबकलेले १५.४०३७ हे उत्तर त्या जागेवरच्या खऱ्या बेरजेपेक्षा, म्हणजे १५.१३ पेक्षा, जास्त आहे! आधी वाजवीपेक्षा जास्त मोजायचे आणि मग मोजणेच सोडून द्यायचे, असा हा हिशेब. ही गफलत पकडायचा सोपा उपाय म्हणजे तीच पदे उलट क्रमाने, लहानातल्या लहान पदापासून मिळवणे. मग बारीक पदे आधी एकत्र येऊन जाडजूड होतात आणि उत्तर खऱ्याच्या अगदी जवळ येते. दोन क्रमांची दोन उत्तरे आली की समजावे, दोष यंत्राच्या जागेचा आहे. ६४ बिटांची जागा दिली तरी रोग तोच, फक्त बेरीज ३४ च्या आसपास जाऊन अडते.

अर्थात यंत्र अचूक असते तरी डोळ्यांना वाढ दिसली नसती. या बेरजेची चाल कमालीची मंद आहे. ऑयलरने अठराव्या शतकात दाखवले की पहिल्या न पदांची बेरीज ही न च्या नैसर्गिक लॉगरिदममध्ये ०.५७७ मिळवले की जवळजवळ येते. याचा व्यवहारातला अर्थ असा, की बेरीज एकाने वाढवायची तर पदांची संख्या सुमारे २.७ पट करावी लागते. ५ ओलांडायला ८३ पदे पुरतात, १० ओलांडायला १२,३६७ लागतात आणि १०० ओलांडायला साधारण १५ वर ४२ शून्ये इतकी. सेकंदाला शंभर कोटी पदे मिळवणारे, कधीच न चुकणारे यंत्र विश्वाच्या जन्मापासून, म्हणजे १३८० कोटी वर्षे, चालत आले असते तर आज बेरीज ६२ पर्यंतही पोचली नसती.

अशी ही अमर्याद बेरीज किती नाजूक कडेवर उभी आहे हे १९१४ मध्ये ए. जे. केम्पनर यांनी दाखवले. श्रेढीतून ज्या छेदांत ९ हा अंक येतो तेवढीच पदे वगळा, म्हणजे १/९, १/१९, १/९० वगैरे. उरलेली बेरीज थांबते, आणि २३ च्या आतच. पहिल्यांदा ऐकताना हे पटत नाही. ९ असलेल्या संख्या त्या किती, थोड्याशाच ना? लहान आकड्यांत हो. एक अंकी नऊ संख्यांतली एकच जाते. पण वीस अंकी संख्यांत एकही ९ नसलेल्या शंभरात जेमतेम बारा निघतात आणि शंभर अंकी संख्यांत तर अडतीस हजारांत एखादी. अंक वाढेल तशी ९ चुकवणे अवघड होत जाते. ओरेमच्या गटांत संख्या पुरेशा वाढत होत्या. इथे दहाने लहान होणाऱ्या पदांसमोर उरणाऱ्या संख्या नऊनेच गुणल्या जातात. दर फेरीत दहावा हिस्सा कमी पडतो आणि हळूहळू सगळी वाढ विरून जाते.

कागदाबाहेर ही श्रेढी जिथे रोज उपयोगी पडते ते ठिकाण म्हणजे विक्रमांचा हिशेब. एखाद्या गावाच्या वर्षभराच्या पावसाची नोंद ठेवायला सुरुवात केली असे समजू. पहिले वर्ष आपोआपच विक्रमी. दुसरे वर्ष पहिल्याला मागे टाकेल याची शक्यता १/२. दहाव्या वर्षी काय? हवामानाचा स्वभाव बदललेला नसेल आणि वर्षे एकमेकांवर अवलंबून नसतील, तर दहा वर्षांतले सर्वाधिक पावसाचे वर्ष दहापैकी कोणतेही असू शकते, म्हणून ते शेवटचेच असण्याची शक्यता १/१०. विक्रमांची सरासरी अपेक्षित संख्या ही या शक्यतांची बेरीज, म्हणजे आपली हरात्मक श्रेढी. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेसारख्या जुन्या ठिकाणी दीडशे वर्षांचे आकडे धरले तर अपेक्षित विक्रम भरतात अवघे ५.६. प्रत्यक्षात तीन आले किंवा आठ आले तरी नवल नाही, दैवाचा खेळ एवढा चालतोच. पण बारा आले, तर ‘स्वभाव बदललेला नाही’ हे गृहीतक तपासायलाच हवे.

तापमानाच्या बाबतीत हीच तपासणी अधिक नेमकी होते, कारण तिथे उच्चांक आणि नीचांक दोन्ही मोजता येतात. स्थिर हवामानात दोन्हींची शक्यता दर वर्षी सारखीच, १/न. अमेरिकेतल्या केंद्रांवर २००० पासूनच्या दशकात रोजचे उष्णतेचे विक्रम थंडीच्या विक्रमांच्या जवळजवळ दुप्पट नोंदले गेले. दोन्ही आकडे मागच्या वर्षांच्या मानाने कमीच होत जातात, त्यामुळे नुसती विक्रमांची संख्या पाहून काही कळत नाही. कळते ते त्यांच्या प्रमाणावरून.

आणि हवामान खरोखर स्थिर राहिले असते तरी पावसाचा कोणताही विक्रम अखेरचा ठरला नसता. शक्यता १/न ऐवजी न च्या वर्गाने घटल्या असत्या, तर सरासरी १.६४५ विक्रम होऊन गोष्ट संपली असती. १/न च्या चालीने पाच विक्रमांची अपेक्षा धरायला ८३ वर्षे पुरतात आणि आणखी पाचांसाठी सुमारे १२,३०० वर्षे वाट पाहावी लागते.